चलनावरून केलेली आवक

मंडळी, पीओ, जीआरएन आणि बिल हे तीन कागद एकमेकांशी जुळले की मगच पेमेंट करायचं, हे इथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणून आज मी मधल्या कागदावरच बोलतो. जुळणी फसते ती बहुधा तिथेच.

आपल्या जळगाव एमआयडीसीतला एखादा चटईचा कारखाना धरा. त्याने प्लॅस्टिक दाण्याची ऑर्डर दिली, १०,००० किलो, दर १०० रुपये, जीएसटी वेगळा. २५ किलोच्या ४०० गोण्या यायला हव्या होत्या, आल्या ३९२. बिल मात्र पूर्ण १०,००० किलोचं आणि दर १०२.

पीओतला दर आणि खरोखर आलेला माल धरला तर ९,८०० किलोचे ९,८०,००० रुपये, १८ टक्के जीएसटी धरून ११,५६,४००. बिल आहे १२,०३,६०० रुपयांचं. म्हणजे ४७,२०० रुपये जास्तीचे.

दराचा फरक ऑफिसात बसूनही सापडतो, कारण पीओ आपल्याकडेच असतो. आठ गोण्यांचं तसं नाही. संध्याकाळी गाडी लागते, हमाल घाईत असतात, आणि स्टोअरवाला म्हणतो, “चलनावर चारशे लिहेल आहे ना भाऊ!” तो जीआरएनवर ४०० लिहितो. आता प्रमाणाच्या बाबतीत तिन्ही कागद सुरेख जुळतात, कारण जीआरएन ही पार्टीच्याच चलनाची नक्कल आहे. सॉफ्टवेअर कितीही महागडं असो, ते हे ओळखू शकत नाही.

अशी आवक ओळखायची कशी? सहा महिन्यांचे जीआरएन काढा. एकाही गाडीत तूट नाही, फाटकी गोणी नाही, तर कोणी मोजलेलंच नाही असं समजा. वेळही बघा: गेट रजिस्टरमध्ये गाडी सोमवारी आत आली आणि जीआरएन गुरुवारी, बिल आल्यावर बनला, तर तो बिल बघूनच भरलेला असण्याची दाट शक्यता आहे.

उपाय साधा आहे. स्टोअरला पीओची जी प्रत द्याल, त्यावर मालाचं नाव ठेवा, प्रमाणाचा रकाना कोरा ठेवा. मोजल्याशिवाय लिहायला आकडाच नको. भरलेल्या आणि रिकाम्या गाडीची काटा पावती जीआरएनला जोडा.

फरक सापडला की नुसती डेबिट नोट पाठवून भागत नाही. पार्टीला तिचा कर कमी करायचा तर तिचीच क्रेडिट नोट लागते. न आलेल्या आठ गोण्यांवरचं इनपुट क्रेडिट तर आपण घ्यायचंच नाही.

राहिली सवलतीची मर्यादा. काट्यात थोडा फरक पडतो, म्हणून वजनाला अर्धा टक्का ठीक आहे. या ऑर्डरीत तो ५० किलो होतो, २०० किलोची तूट त्यात लपत नाही. पण ही मर्यादा पार्टीला कळू देऊ नका. खरा काट्याचा फरक कधी जास्त, कधी कमी असतो. दर गाडीला तूटच, आणि तीही मर्यादेच्या आतच येत असेल, तर त्या पार्टीची पुढची गाडी दुसऱ्या काट्यावर न्या.