पावसाळ्यात प्लांटजवळचीच खोली गरम का होते? हाताने केलेलं बॅलन्सिंग आणि पीआयसीव्ही

नमस्कार मंडळी. आज फोंड्यात सकाळपासून पाऊस लागलाय, मागे पत्र्याचा आवाज आला तर चालवून घ्या.

काही वर्षांपूर्वी सासष्टीच्या किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात मी देखभालीचं काम बघायचो. जून महिना होता. निम्मं हॉटेल रिकामं, लांबची विंग बंद केलेली आणि जे काही पाहुणे होते ते सगळे प्लांट रूमजवळच्या विंगमध्ये. तक्रार आली त्याच जवळच्या विंगमधून. खोली थंड होत नाही, चादरी ओलसर लागतात. चिलर आरामात चाललेला, चिल्ड वॉटर ७ अंशांवर, पंप अगदी हळू फिरतोय. आम्हाला काही कळेना. डिसेंबरात हॉटेल गच्च भरलं होतं तेव्हा याच खोल्या उत्तम थंड व्हायच्या. मग निम्म्या लोडवर काय बिनसलं?

(फळ्याकडे वळतो)

आकडे मी फळ्यासाठी गोल केलेत. पंपाचा दाब २० मीटर, म्हणजे साइटच्या भाषेत २ किलो. जवळच्या विंगला जवळपास सगळे २० मीटर मिळतात. लांबच्या विंगपर्यंत जाऊन परत येताना मेन पाइपात १४ मीटर खर्च होतात, म्हणून तिथे उरतात ६. खोलीत दीड टनाचा एफसीयू आहे, म्हणजे चिल्ड वॉटरची कॉइल आणि तिच्यावर हवा मारणारा पंखा. पाणी साडेपाच अंश तापून परत जाणार असेल तर टनामागे मिनिटाला सुमारे ९ लिटर लागतात, म्हणजे या एफसीयूला १४ लिटर. एवढं पाणी जाताना कॉइल २ मीटर खाते आणि कंट्रोल व्हॉल्व्ह ३. झाले ५.

लांबच्या खोलीत ६ मीटर आहेत, तिथल्या बॅलन्सिंग व्हॉल्व्हने फक्त १ मीटर अडवायचा. जवळच्या खोलीत २० आहेत, तिथे १५ मीटर अडवावे लागतात. कमिशनिंगवाला येतो, सगळे कंट्रोल व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो, मीटर लावून एकेक बॅलन्सिंग व्हॉल्व्ह फिरवतो, हँडलला सील मारून निघून जातो. त्या दिवशी प्रत्येक खोलीत बरोबर १४ लिटर. काम चोख, त्याची काही चूक नाही.

पण त्याने १५ मीटर अडवले म्हणजे नेमकं काय केलं? त्याने एक भोक लहान करून ठेवलं. ते भोक १५ मीटर अडवतं ते फक्त १४ लिटर वाहत असताना. त्याला दाब समजत नाही. पुढे-मागे दाब बदलला की प्रवाह बदलणारच, आणि तो वर्गमुळाने बदलतो: दाब चौथा हिस्सा झाला की प्रवाह निम्मा.

आता जून. आमचा डीपी सेन्सर, म्हणजे जाणाऱ्या आणि परतीच्या पाइपातल्या दाबाचा फरक मोजणारा, लांबच्या विंगच्या टोकाला होता. वीज वाचवायची तर तो तिथेच हवा, तेही बरोबरच आहे. पंपाचा वेग बदलणाऱ्या व्हीएफडीला सांगितलेलं की टोकाला ६ मीटर धरून ठेव. लांबच्या विंगचे एफसीयू बंद, तिकडच्या पाइपात पाणी हलतच नाही, म्हणून १४ मीटरचा खर्चही नाही. मग टोकाला ६ मीटर ठेवायला पंपाला किती द्यावे लागतात? सहाच! व्हीएफडी इमानदारीने खाली आला आणि ६ मीटरवर बसला.

जवळच्या खोलीचं भोक मात्र २० मीटरच्या हिशोबाने लावलेलं. २० च्या जागी ६ आले. ६ भागिले २० म्हणजे ०.३, त्याचं वर्गमूळ सुमारे ०.५५. १४ लिटरच्या जागी पावणेआठ लिटर. आता कंट्रोल व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असला तरी त्याच्या हातात काही नाही.

पाणी निम्मं झालं म्हणून थंडावा निम्मा होत नाही. कॉइल तरी साधारण पाऊण काम करून दाखवते. पण पाणी जास्त तापून बाहेर पडतं, कॉइलचा पृष्ठभाग गरम राहतो, आणि हवेतला ओलावा काढायचं काम त्याहून जास्त बसतं. गोव्याच्या जूनमध्ये नेमकं तेच काम हवं असतं. म्हणून त्या ओलसर चादरी.

आता आम्ही काय केलं ते ऐका, म्हणजे तुम्ही करणार नाही. आम्ही सील तोडलं आणि जवळच्या विंगचे बॅलन्सिंग व्हॉल्व्ह पूर्ण उघडले. दोन तासांत खोल्या गार. सगळे खूश. डिसेंबरात लांबची विंग उघडली, पंप परत २० मीटरवर चढला, आणि जवळच्या प्रत्येक एफसीयूने गणिताप्रमाणे १४ ऐवजी २५ लिटर ओढायला सुरुवात केली. एवढं पाणी पंपाकडे नव्हतंच, मग दाब कोसळला आणि नाताळात लांबची विंग तापली. परतीचं पाणी थंडच येत होतं, कारण जवळच्या कॉइलमधून ते न तापताच पळत होतं. टनांच्या हिशोबाने गरज नसताना नुसत्या प्रवाहासाठी दुसरा चिलर लावावा लागला.

कोणी म्हणेल, सेन्सर प्लांट रूममध्येच ठेवा, कायम २० मीटर धरा. करून बघू. जवळची खोली सुखी. पण दोन्ही विंगमध्ये निम्म्या खोल्या चालू असतील तर मेन पाइपातला प्रवाह निम्मा, म्हणून १४ मीटरचा खर्च साडेतीनवर येतो. लांबच्या खोलीला ६ च्या जागी साडेसोळा मीटर. वर्गमूळ काढा, १.६६ पट प्रवाह, १४ च्या जागी २३ लिटर. आणि पंप उगाच २० मीटर मारत राहणार. म्हणजे हाताने लावलेलं बॅलन्सिंग फक्त एकाच दिवसाचं असतं, ज्या दिवशी सगळे व्हॉल्व्ह उघडे असतात. प्रवाह कायम सारखा असलेल्या तीन-तोंडी व्हॉल्व्हच्या जुन्या सिस्टीममध्ये तो दिवस वर्षभर टिकतो, तिथे माझी काही तक्रार नाही.

(व्हॉल्व्ह हातात घेतो)

आता हा पीआयसीव्ही, म्हणजे दाब बदलला तरी प्रवाह तोच ठेवणारा कंट्रोल व्हॉल्व्ह. बाहेरून साधा टू-वे व्हॉल्व्ह. आत मात्र दोन भाग आहेत. एक कंट्रोल व्हॉल्व्ह, जो अ‍ॅक्चुएटर हलवतो. दुसरा म्हणजे रबराचा पडदा आणि स्प्रिंग. पडद्याच्या दोन बाजूंना कंट्रोल व्हॉल्व्हच्या आधीचा आणि नंतरचा दाब पोचतो. फरक वाढला की पडदा सरकतो आणि वाट आवळतो, कमी झाला की स्प्रिंग वाट उघडते. त्यामुळे कंट्रोल व्हॉल्व्हवरचा दाबातला फरक कायम तेवढाच राहतो. भोकही तेच आणि फरकही तोच, मग प्रवाहही तोच. वरच्या डायलवर जास्तीत जास्त प्रवाह ठरवायचा.

त्याच जवळच्या खोलीत हा बसवला आणि डायल १४ लिटरवर ठेवला. डिसेंबरात २० मीटर आले. कॉइल २ खाते, उरलेले १८ व्हॉल्व्ह स्वतः गिळतो. जूनमध्ये ६ आले, २ कॉइलचे, व्हॉल्व्हला ४ उरले. दोन्ही वेळी १४ लिटर, पाच-दहा टक्के इकडेतिकडे.

आता खुबी बघा. पुष्कळ जण हा व्हॉल्व्ह बॅलन्सिंगचे कष्ट वाचतात म्हणून घेतात. मला विचाराल तर खरा फायदा पंपात आहे. आता सेन्सर टोकाला ठेवून पंप बिनधास्त खाली आणता येतो, जवळची खोली उपाशी राहत नाही.

पण हा व्हॉल्व्ह दाब तयार करत नाही. पडद्याला काम करायला किमान दाब लागतो, मॉडेल आणि डायलप्रमाणे साधारण दीड ते तीन मीटर. त्याखाली गेलात की स्प्रिंग पूर्ण उघडी, पडदा निवांत, आणि हातात उरतो महागडा साधा व्हॉल्व्ह. डायलवर १४ लिहिलेलं असेल, पाणी मात्र मिळेल तेवढंच जाणार. म्हणून डायल वाचून प्रवाह सांगू नका. बॉडीवर दोन टेस्ट पॉइंट असतात, तिथे मॅनोमीटर लावा. कॅटलॉगमधल्या किमान दाबापेक्षा जास्त फरक मिळाला तरच डायलवर विश्वास ठेवा. सगळ्यांत लांबच्या खोलीत हे बघायचं, आणि तेवढ्यावरच पंपाचा सेटपॉइंट ठरवायचा.

दुसरी गोष्ट कमी लोक सांगतात. पाणी कमी पडलं तर काय? समजा पंप सगळ्या कॉइलच्या बेरजेच्या ८० टक्क्यांना निवडलाय, कारण सगळ्या खोल्या एकदम पूर्ण लोडवर नसतात. पावसात लाइट गेली आणि दोन तासांनी आली. सगळ्या खोल्या तापलेल्या, सगळे व्हॉल्व्ह एकदम पूर्ण उघडतात. हाताने नीट बॅलन्स केलेल्या सिस्टीममध्ये तूट सगळ्यांत वाटली जाते, प्रत्येकाला थोडं कमी. पीआयसीव्हीला हे वाटून खाणं माहीत नाही. जवळचा आपले १४ लिटर पूर्ण घेतो आणि सगळी तूट लांबच्याच्या ताटात. त्यामुळे सुरुवात टप्प्याटप्प्याने करा, आधी लांबची विंग, मग जवळची. आणि ‘असू दे थोडं जास्त’ म्हणून डायल वाढवून ठेवू नका, ती उधारी लांबचाच फेडतो.

तिसरं, कचरा. पडद्यापर्यंत दाब नेणारी वाट बारीक असते. नवीन पाइपातला वेल्डिंगचा कचरा आणि गंज तिथे जाऊन बसला की पडदा अडकतो. म्हणून फ्लशिंग करताना पाणी बायपासने न्यायचं किंवा आतली कार्ट्रिज काढून ठेवायची, आणि आधी स्ट्रेनर हवाच. पडदा अडकल्याची खूण म्हणजे पंपाचा वेग बदलला की त्या एकाच खोलीचा प्रवाहही बदलतो. आणि इन्सुलेशन बॉडीला नीट करा. आपल्या दमट हवेत उघड्या बॉडीवरचं पाणी वर बसवलेल्या अ‍ॅक्चुएटरला मारतं.

शेवटी खर्चाचा प्रश्न, जो मॅनेजर पहिल्यांदा विचारतो. दोनशे खोल्यांचे व्हॉल्व्ह एकदम बदलायचे का? गरज नाही. सेन्सर टोकाला असेल तर टोकाच्या खोल्यांना वर्षभर ६ मीटरच मिळतात, तिथले हाताने लावलेले व्हॉल्व्ह बरोबरच चालतात. दाब हेलकावे खातो तो जवळच्या विंगमध्ये. पहिले पैसे तिथे घाला, आणि ज्या खोलीत पीआयसीव्ही बसवाल तिथला जुना बॅलन्सिंग व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवा. मी एका साइटवर दोन्ही एकामागे एक आवळलेले पाहिलेत. जुना व्हॉल्व्ह दाब खात होता आणि नवा उपाशी बसला होता.

तुमच्या प्लांटमध्ये डीपी सेन्सर कुठे आहे ते आज जाऊन बघा आणि खाली लिहा. पुढच्या व्हिडिओत त्याचा सेटपॉइंट व्हॉल्व्हच्या उघडीप्रमाणे आपोआप खाली कसा आणायचा ते दाखवतो.