मांजराचं रक्त आणि तापाची अर्धी गोळी

(मालवणजवळच्या एका गावात पशुवैद्यकाने दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

विषारी झाडांबद्दल बोलेनच, असं तुम्हाला वाटत असेल. गौरीच्या दिवसांत घरात येणारी कळलावी विषारीच आहे, आणि हल्ली पुष्पगुच्छात येणाऱ्या लिलीचे पराग चाटले तरी मांजराची किडनी निकामी होऊ शकते. ती फुलं मांजराच्या घरात आणूच नका, म्हणजे तो विषय संपला. मला वेळ द्यायचाय तो फडताळातल्या पॅरासिटामॉलला, कारण ते मांजर स्वतःहून खात नाही. आपण प्रेमाने भरवतो.

गेल्या पावसाळ्यात सकाळी सातला एक काकी टोपलीत मांजरी घेऊन आल्या. म्हणाल्या, "डॉक्टरांनू, अंग तापला होता म्हणून रात्री आठाक अर्धी गोळी दिलंय. पोरांका देतंय तीच." बांगड्याच्या तुकड्यात घालून दिलेली. दहाच्या सुमारास लाळ सुटली, पहाटे तोंड उघडून धापा टाकायला लागली.

आधी ताप म्हणजे काय ते बघू. मांजराचं नेहमीचं तापमान 100.5 ते 102.5 फॅरनहाइट असतं. आपला हात त्यापेक्षा थंड, त्यामुळे धडधाकट मांजरही आपल्याला गरमच लागणार. त्या मांजरीला ताप होता की नव्हता, हे आता कोणीच सांगू शकत नाही.

टोपली उघडली तर तोंड सुजलेलं, पुढचे पंजेही. ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. गुलाबी नाही, पांढऱ्याही नाही, चहाच्या चोथ्यासारख्या तपकिरी. मी तिच्या रक्ताचा एक थेंब पांढऱ्या टिपकागदावर घेतला आणि शेजारी माझ्या बोटाचा. माझा हवेत लालभडक झाला, तिचा तपकिरीच राहिला. निदानाला एवढं पुरेसं होतं. तिच्या हिमोग्लोबिनचं मेथेमोग्लोबिन झालं होतं, आणि ते ऑक्सिजन वाहू शकत नाही.

हे मांजराच्याच बाबतीत इतकं का होतं? आपलं यकृत पॅरासिटामॉलला ग्लुकुरोनिक आम्ल जोडतं आणि लघवीवाटे बाहेर घालवतं. ही जोडणी करणाऱ्या एका महत्त्वाच्या एन्झाइमचं जनुक मांजरात मोडकंच आहे. औषध अंगात रेंगाळतं, त्यातून विषारी पदार्थ बनतात. त्यांना आवरणारं ग्लुटाथायोन संपलं की मार तांबड्या पेशींवर. मांजराचं हिमोग्लोबिन या माऱ्यापुढे आपल्यापेक्षा कितीतरी नाजूक.

आता हिशेब करा. पाचशेची अर्धी गोळी म्हणजे 250 मिलिग्रॅम. मांजरी 3.2 किलोची. म्हणजे किलोला जवळजवळ 78 मिलिग्रॅम. मांजरात किलोला 10 मिलिग्रॅमवरही विषबाधा झालेली आहे. म्हणून "पाव गोळी चालेल का?" या प्रश्नाचं उत्तर "नाही" असंच. सर्दीच्या गोळ्यांत आणि मुलांच्या सिरपमध्येही हेच औषध असतं, तेव्हा पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा.

उतारा आहे: एन-अॅसिटिलसिस्टीन. माणसांच्याच औषधाच्या दुकानातून आणवलं. पहिला डोस किलोला 140 मिलिग्रॅम, म्हणजे तिला 450च्या आसपास, पातळ करून शिरेतून हळूहळू. नंतर दर सहा तासांनी निम्मा, असे सात वेळा. सोबत ऑक्सिजन आणि क जीवनसत्त्व. अशा मांजराला तपासताना दाबून धरायचं नाही. धडपडीत लागणारा ऑक्सिजन तिच्याकडे नसतोच. हा उतारा घरी करायचा नाही, आणि ओकारी काढायला मिठाचं पाणी तर मुळीच पाजायचं नाही. गोळी गेल्याचं कळलं की लक्षणांची वाट न बघता, पाकीट घेऊन दवाखाना गाठायचा. काकींचे अकरा तास गेले होते. फार होते, पण मांजरी वाचली. दुसऱ्या संध्याकाळी हिरड्यांवर गुलाबी झाक आली.

नेताना काकींनी विचारलं, "आता तिका कालवणभात घालूचो की नाय?" प्रश्न अचूक होता. कांदा-लसूण याच पेशींना, जवळपास याच वाटेने मारतात, फक्त सावकाश. शिजवल्याने, वाटल्याने विष जात नाही. किलोला पाच ग्रॅम कांदा पुरतो. तीन किलोच्या मांजराला 15 ग्रॅम, म्हणजे लहान कांद्याचा चौथा हिस्सा. रोजच्या वाटपातून थोडा थोडा गेला तरी साठत जातो, आणि काही दिवसांनी मांजर मलूल दिसतं, हिरड्या फिक्या, लघवी गडद. एकदा ताट चाटलं म्हणून घाबरून धावत येऊ नका. रोजचं कालवण मात्र बंद.

काकी आता वाटप घालायच्या आधीच दोन बांगडे नुसत्या पाण्यात उकडून, काटे काढून बाजूला ठेवतात.