फोन त्याचा, बोगदा मिलचा

जळगाव एमआयडीसीतली एक डाळ मिल. तुरीची खरेदी करणारी माणसं अमळनेर, चोपडा, रावेरकडे निघाली आहेत. प्रत्येकाच्या खिशात स्वतःचाच फोन, आणि त्यात मिलचं खरेदीचं ॲप. त्या ॲपला लागणारा सर्व्हर इंटरनेटवर उघडा नाही. तिथवर जायला व्हीपीएनचा बोगदा लागतो. तो बोगदा फोनवर बसवते मिलची एमडीएम, म्हणजे फोन दुरून सांभाळणारी यंत्रणा.

अमळनेरच्या खरेदीदाराने पहिल्याच दिवशी अडवलं होतं. "फोन मना शे, भाऊ!" घरचं व्हॉट्सॲप मिलच्या वाटेने जाईल, ही त्याची भीती. अँड्रॉइडवर त्याचं उत्तर सोपं आहे. एमडीएम फोनमध्ये वर्क प्रोफाइल हा वेगळा कप्पा तयार करते. त्यातल्या ॲपवर छोट्या ब्रीफकेसची खूण दिसते आणि बोगदा तेवढ्याच ॲपना लागू होतो.

आयफोनवर बोगदा एकेका ॲपला जोडतात, पण ते ॲप एमडीएमच्या ताब्यातलं असावं लागतं. चोपड्याच्या एकाने ते आधीच स्वतः डाउनलोड केलं होतं. सेटिंगमध्ये व्हीपीएन दिसत होता, ॲप मात्र "सर्व्हर सापडत नाही" म्हणत राहिलं. दोन तास नेटवर्कला दोष दिला. शेवटी ॲप काढून एमडीएमकडून पुन्हा टाकलं, आणि चाललं.

खरी गंमत माणूस सोडून जातो तेव्हा.

शनिवारी एकाने राजीनामा दिला. यंत्रणा सांभाळणाऱ्याने संध्याकाळी वर्क प्रोफाइल पुसण्याचा आदेश सोडला आणि घरी गेला. सोमवारी पडद्यावर त्या आदेशासमोर तोच शब्द: Pending. आदेश थेट फोनमध्ये घुसत नाही. आधी फोनला हाक जाते, मग फोन स्वतः एमडीएम सर्व्हरशी बोलून आदेश उचलतो. फोन बंद असला, रेंज नसली, की आदेश वाट पाहत राहतो. इकडे बोगद्याचं मिलकडचं दार असलेल्या व्हीपीएन गेटवेच्या नोंदीत मात्र त्याच फोनची रविवार सकाळची जोडणी होती. फोन चालू झाला, पण आदेश उचलण्याआधी बोगदा उघडला गेला.

म्हणून आता क्रम उलटा आहे. आधी गेटवेवर त्याचं खातं बंद, मग गेटवेला त्या फोनची ओळख पटवणारं प्रमाणपत्र रद्द. रद्द झालेल्यांची यादी गेटवे ठरावीक वेळानेच ताजी करतो, त्यामुळे फक्त तिच्या भरवशावर राहायचं नाही. चालू जोडणीही हाताने तोडायची, कारण बऱ्याच गेटवेंवर तपासणी जोडताना होते, मधे होत नाही. हे सगळं झालं की मग फोनला आदेश. त्याने कप्पा जातो, खरेदीच्या नोंदी जातात. लेकीचे फोटो आणि व्हॉट्सॲप जागच्या जागी राहतं.

आदेश बुधवारी पोचला. खातं बंद झाल्यापासून तोवर गेटवेच्या नोंदीत त्या फोनचे अकरा प्रयत्न होते, सगळे नाकारलेले.