आयर्विन पुलाचा आकडा कुठल्या सर्व्हरवर ठेवायचा?

सांगलीत पावसाळ्यात प्रत्येक घरात एकच प्रश्न असतो : आयर्विनला पाणी किती? 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा 57 फुटांच्या वर गेली, हे इथल्या कुणाला सांगायला नको.

समजा, हा आकडा दाखवणारं संकेतस्थळ आपल्याला उभं करायचंय. त्यातच पुढे पंचनाम्यांच्या याद्या, आधार क्रमांक आणि बँक खाती येणार. ठेवायचं कुठे?

एक जागा सरकारी सामुदायिक क्लाउडची. केंद्राच्या ‘मेघराज’ उपक्रमातून एनआयसी या सरकारी संगणक संस्थेचा राष्ट्रीय क्लाउड 2014 मध्ये सुरू झाला. तिथे त्याच यंत्रांवर काम करणारे आपले शेजारी सगळे सरकारीच. दुसरी जागा व्यापारी क्लाउडची. पण तिथेही केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाच्या यादीतलीच कंपनी घ्यायची असते आणि डेटा भारतातच ठेवायचा असतो. म्हणून ‘डेटा परदेशात जाईल’ एवढ्या एका भीतीवर निर्णय घेऊ नका.

खरा फरक पुराच्या रात्री कळतो. एरवी तासाला दोनशे माणसं पान उघडतात. त्या रात्री चाळीस हजार उघडतील असं धरा. सरकारी क्लाउडमध्ये यंत्रांचा साठा ठरलेला असतो. कृष्णा चढते तेव्हा बहुतेक वेळा पंचगंगाही चढलेली असते; म्हणजे सांगली, कोल्हापूर, पाटबंधारे, महसूल, सगळे एकाच वेळी त्याच साठ्याकडे हात पसरणार. शिवाय वाढीव सर्व्हरसाठी अर्ज आणि मंजुरी. व्यापारी क्लाउडवर बाकीच्या ग्राहकांना आपल्या पुराशी काही देणंघेणं नसतं, म्हणून जागा मिळते, तीही काही मिनिटांत.

ताण शेजाऱ्यांचा आहे की आपलाच, हे ओळखता येतं. लिनक्सवर `top` चालवा आणि `st` चा आकडा पाहा. आपला प्रोग्राम थांबलाय आणि `st` चढतोय, तर आपला सर्व्हर ज्या यंत्रावर चालतो, ते इतरांच्या कामात गुंतलंय. मात्र काही ठिकाणी हा आकडा दाखवलाच जात नाही. तिथे शून्य दिसलं म्हणून निर्धास्त राहू नका.

माझं ठाम मत : काम दोन भागांत तोडा. पातळीचं पान व्यापारी क्लाउडवर, कारण त्यात लपवण्यासारखं काही नाही आणि गर्दी चार दिवसांचीच. पंचनामे सरकारी क्लाउडवर. तिथे वापरणारे तलाठी आणि तहसील कार्यालय, म्हणजे संख्या आधीच माहीत. आणि ती माहिती वर्षानुवर्षं एकाच ठरावीक जागी राहायला हवी.

अडचण येते बिलाची. आपल्याकडे रक्कम आधी मंजूर होते, व्यापारी क्लाउडचं बिल मात्र वापर झाल्यावर येतं. त्यासाठी सर्व्हर किती वाढू द्यायचे याची कमाल मर्यादा मे महिन्यातच घाला. पण ती चाळीस हजार माणसांच्या हिशोबानं घाला. पैसे वाचवायला ती दोन हजार माणसांपुरती ठेवलीत, तर ऐन पुरात पान बंद पडेल आणि लोक पाणी बघायला पुलावर जातील.