बाटलीखालचा चौथरा

टेबलावर अकरा सेंटिमीटर उंचीची, जाड तळाची, चौकोनी काचेची अत्तराची बाटली आहे. नव्या अत्तराच्या संकेतस्थळावर सर्वांत वर जे मोठे छायाचित्र झळकणार आहे, ते आज या टेबलावर घडायचे आहे. बाटलीभोवती दोन गोल चकत्यांचा पोडियम, मागे एक कमान आणि पुढच्या बाजूला विटकरी रंगाचा एक बुटका दंडगोल, एवढाच हा सेट आहे. देवाला चौरंगावर बसवणाऱ्या आपल्या डोळ्यांना या मांडणीचा हेतू वेगळा सांगावा लागत नाही. अवघड असते ते तिचे माप.

वरची चकती पंधरा सेंटिमीटर व्यासाची आहे, म्हणजे बाटलीच्या सहा सेंटिमीटर रुंद तळाच्या अडीच पट. ती एमडीएफमधून कापलेली आहे आणि तिच्या कडेला पुट्टी भरून, बारीक पॉलिशपेपरने घासून, वर मॅट रंग फवारलेला आहे. चकचकीत रंग टाळला आहे, कारण त्यात दिवा उमटतो आणि बाटलीचे उलटे प्रतिबिंबही पडते. वरची धार मात्र मुद्दाम मिलिमीटरभर गोलावलेली आहे. तेवढ्याशा गोलाईवर प्रकाशाची एक बारीक रेघ धरली जाते आणि चकतीला जाडी येते. धार अगदी तीक्ष्ण ठेवली, तर तीच चकती पुठ्ठ्याची कापून ठेवल्यासारखी दिसते.

कॅमेरा सव्वा मीटरच्या आत, शंभर मिलिमीटरच्या लेन्ससह ट्रायपॉडवर आहे. पहिल्या प्रयत्नात तो पंधरा अंश वरून खाली पाहत होता. त्या कोनातून पोडियमचा माथा जवळजवळ चार सेंटिमीटर जाडीच्या लंबगोलासारखा दिसला आणि बाटली ताटात वाढल्यासारखी भासली. कॅमेरा अगदी माथ्याच्या पातळीला आणला, तर लंबगोलाची नुसती रेघ होते आणि बाटली कशावर टेकली आहे हेच कळत नाही. शेवटी कोन पाच अंशांवर आला, माथ्याची जाडी सव्वा सेंटिमीटरच्या आसपास राहिली आणि बाटलीला उंची मिळाली. योग्य उंची ओळखण्याची येथे एक सोपी खूण आहे: लेन्स टोपणाच्या पातळीला आली, की टोपणाचा माथा दिसेनासा होऊन त्याची सरळ रेघ उरते.

खालची चकती मात्र बदलावी लागली. आडव्या चौकटीत चोवीस सेंटिमीटरची चकती शोभत होती, पण मोबाइलसाठी चारास पाच या प्रमाणात उभे कापताच चौकटीची रुंदी एकवीस सेंटिमीटर उरली आणि चकती दोन्ही बाजूंनी छाटली गेली. तिच्या जागी अठरा सेंटिमीटरची आली. अशी चूक पडद्यावर दोन्ही चौकटी आखून ठेवल्या, तरच सेट मोडण्यापूर्वी लक्षात येते.

प्रकाशात दोन गरजांची ओढाताण आहे. कमानीची स्पष्ट सावली पडण्यासाठी उघडा, लहान दिवा लागतो. काचेला मात्र मऊ, हळूहळू विरत जाणारा उजेड हवा असतो. तो डावीकडच्या डिफ्यूजन पेपरमागे ठेवलेल्या अरुंद सॉफ्टबॉक्समधून येतो, आणि हा सॉफ्टबॉक्स कागदाच्या एका कडेकडे सरकवला की काचेवरचा उजळपणा एका बाजूने दुसरीकडे उतरत जातो. बाटलीमागे, तिच्याच आकारात किंचित लहान कापलेले पांढरे कार्ड दडवले आहे. त्यामुळे आतले सोनेरी द्रव्य उजळते. उघड्या दिव्याने काचेवर पांढरा ठिपका पडतो, म्हणून त्याचे छायाचित्र वेगळे घ्यावे लागते आणि दोन्ही नंतर जोडावी लागतात.

त्यानंतर काचेच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात एक लालसर डाग दिसू लागला. पाहणाऱ्याला अत्तर गढुळले आहे असेच वाटले असते. तो पुढच्या विटकरी दंडगोलाचा रंग होता. प्रॉप्सचे रंग कागदावर निवडताना हे सुचत नाही, कारण रंगतक्त्यातले रंग एकमेकांवर परावर्तित होत नाहीत. दंडगोल हलवला असता तर मांडणीचा तोल गेला असता, म्हणून कॅमेऱ्याला धक्का न लावता तो फक्त एका छायाचित्रापुरता उचलला आणि त्या छायाचित्रातून केवळ काच घेतली.

जोडलेले चित्र पडद्यावर आले, तेव्हा डाग गेला होता, पण बाटली तरंगत होती. काच कापून घेताना तळाखालची केसाएवढी काळी रेघ तिच्यासोबत पुसली गेली होती. बाटलीचे वजन डोळ्याला त्याच रेघेमुळे जाणवते. कापण्याची खालची सीमा तळापासून दोन मिलिमीटर वर नेली, मूळ छायाचित्रातली रेघ तशीच राहू दिली, आणि बाटली पुन्हा पोडियमवर टेकली.