नळीचं टोक कुठं आहे?

श्रोतेहो, नमस्कार. आज मी बोलणार आहे ती मुख्यतः नर्सिंगच्या विद्यार्थ्यांशी. ज्यांच्या घरात कुणाला नाकातून नळी घातलेली आहे, त्यांनीही ऐकायला हरकत नाही.

परीक्षेत नेहमी येणारा एक प्रश्न घेऊ. पक्षाघात झालेले अडुसष्ट वर्षांचे गृहस्थ आहेत. त्यांना गिळता येत नाही, म्हणून तीन दिवसांपूर्वी राइल्स ट्यूब घातली. एक्स-रे काढून ती जठरात असल्याची खात्री केली आणि नाकपुडीशी अठ्ठावन्न सेंटिमीटरची खूण आहे, अशी नोंद केली. आज दुपारी बाराला अडीचशे मिलीलिटर फीड द्यायचं आहे. तुम्ही जवळ जाता, तर नाकावरची चिकटपट्टी सुटत आलेली आणि नाकपुडीशी दिसते पन्नासची खूण. पेशंट शांत आहेत, खोकला नाही, धाप नाही. तुम्ही आधी काय कराल?

पर्याय चार. एक, नळी आठ सेंटिमीटर आत सरकवून पट्टी नवी लावा आणि फीड द्या. दोन, सिरिंजने हवा सोडून पोटावर स्टेथोस्कोप लावून आवाज ऐका. तीन, फीड थांबवा, नळी नेमकी कुठं आहे हे तपासा आणि डॉक्टरांना कळवा. चार, डोक्याकडचा भाग पंचेचाळीस अंशांवर करून फीड अगदी हळू द्या.

बरोबर उत्तर तिसरं, हे बहुतेकांना कळतं. पण बाकीचे तीन का चुकतात, हे ज्याला सांगता येतं त्याला या विषयावरचा कुठलाही प्रश्न अडत नाही. म्हणून त्या तिघांपाशी जरा थांबू.

फुप्फुसात फीड जाण्याच्या वाटा दोन आहेत. पहिलीत नळीच चुकीच्या जागी असते: श्वासनलिकेत, किंवा निघत निघत वर अन्ननलिकेत आलेली. दुसरीत नळी जठरात अगदी नीट असते, पण जठरातलं फीड उलटं वर येतं आणि घशातून श्वासनलिकेत उतरतं. जठराच्या तोंडाशी स्नायूंचं एक कडं असतं, ते एरवी आवळलेलं राहतं. नळी त्यातूनच गेलेली असल्यामुळे ते पुरतं मिटत नाही. म्हणजे नळी घातली की ठसक्याचा धोका संपला, असं नाही. प्रश्न वाचताना आधी एवढंच ठरवायचं की धोका कोणत्या वाटेचा आहे. खूण अठ्ठावन्नवरून पन्नासवर आली, म्हणजे नळी आठ सेंटिमीटर बाहेर आली आहे. वाट पहिली.

आता चौथा पर्याय बघा. डोकं उंच करणं हा दुसऱ्या वाटेवरचा उपाय आहे. टोकच अन्ननलिकेत असेल, तर माणूस ताठ बसवला तरी फीड घशाच्या जवळ पडणार. मुलं या पर्यायाला फसतात, कारण त्यातलं वाक्य सुटं वाचलं तर खरंच असतं.

पहिला पर्याय घाईचा आहे. बाहेर आलेली नळी आंधळेपणाने आत ढकलली, तर ती घशात वेटोळं घालू शकते किंवा थेट श्वासनलिकेत शिरू शकते. त्यातून पेशंट ग्लानीत असेल, तर खोकून इशाराही देत नाही. "खोकला नाही, धाप नाही" हे प्रश्नातलं वाक्य तुम्हाला निर्धास्त करायला ठेवलेलं असतं. घशाची संवेदना गेलेल्या माणसाच्या फुप्फुसात फीड मुकाट्याने उतरतं.

आणि दुसरा पर्याय, हवेचा. मी शिकत असताना वॉर्डात हाच चालायचा. सिरिंजमध्ये हवा घ्यायची, पोटावर स्टेथोस्कोप ठेवायचा, खळकन आवाज आला की फीड सुरू. एकदा माझ्या सीनियर सिस्टरनी मला थांबवलं आणि विचारलं, "आवाज आला, पण कुठून आला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आवाज शरीरातून पसरतो. टोक अन्ननलिकेच्या खालच्या भागात असलं, अगदी फुप्फुसात असलं, तरी पोटावर तसाच आवाज येऊ शकतो. इंग्लंडमध्ये २००५ साली तिथल्या रुग्णसुरक्षा संस्थेने या पद्धतीवर विसंबू नका, असा इशाराच काढला. नळीचं बाहेरचं टोक पाण्यात बुडवून बुडबुडे बघण्याची पद्धतही तशीच बेभरवशाची आहे. तरीही दोन्ही पद्धती अजून हातांच्या सवयीत आहेत, आणि पर्यायांत तर हमखास असतात.

मग तपासायचं कसं? नवीन नळी घातल्यावर पहिल्या फीडच्या आधी एक्स-रे, हे सर्वांत खात्रीचं. पण दर फीडला एक्स-रे काढता येत नाही. म्हणून रोजच्या कामात दोन गोष्टी: नाकपुडीशी असलेली खूण नोंदीशी जुळते का, आणि सिरिंजने ओढलेल्या द्रवाचा पीएच किती. सिरिंज मोठी घ्यायची, पन्नास-साठ मिलीलिटरची, आणि हलक्या हाताने ओढायचं. काहीच आलं नाही, तर पेशंटला डाव्या कुशीवर वळवून थोड्या वेळाने पुन्हा ओढून बघायचं. द्रव पीएचच्या पट्टीवर टाकायचा. जठरात आम्ल असतं, त्यामुळे तिथला पीएच कमी येतो. अमेरिकी पाठ्यपुस्तकांत पाच किंवा त्याहून कमी, ब्रिटिश सूचनांत साडेपाचपर्यंत. सहा आणि त्याच्या वरचा आकडा आला की टोक आतड्यात किंवा फुप्फुसात असल्याचा संशय घ्यायचा. साधी लिटमसची पट्टी इथे चालत नाही. ती आम्ल आहे की नाही एवढंच सांगते, किती आहे ते सांगत नाही.

या आकड्यालाही मर्यादा आहेत. पेशंटला पँटोप्रॅझोलसारखं आम्ल कमी करणारं औषध चालू असेल, तर नळी जठरात असूनही पीएच सहा येऊ शकतो. नुकतंच फीड दिलं असेल तरी आकडा वर जातो, म्हणून फीडनंतर निदान तासभर जाऊ देऊन तपासलेलं बरं. आणि आपल्या प्रश्नासाठी सगळ्यात महत्त्वाचं असं की, समजा या गृहस्थांचा पीएच चार आला. आता फीड द्यायचं? नाही. जठरातलं आम्ल अन्ननलिकेतही वर येतं. टोक अन्ननलिकेत असेल आणि तिथे आम्ल साचलेलं असेल, तर पट्टी चारच दाखवेल. चार हा आकडा टोक फुप्फुसात नसावं असं सुचवतो, पण ते अन्ननलिकेत नाही याची हमी देत नाही. खूण आठ सेंटिमीटर हललेली असताना एकटा पीएच पुरेसा नाही. डॉक्टरांना कळवून एक्स-रे, हाच रस्ता.

आता दुसरी वाट. समजा प्रश्नात खूण अठ्ठावन्नवरच आहे, पीएच चार आहे, नळी जागेवर आहे. मग प्रश्न स्थितीचा. डोक्याकडचा भाग तीस ते पंचेचाळीस अंश, फीड चालू असताना आणि संपल्यावर अर्धा ते एक तास. एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण एक चित्र डोळ्यासमोर आणा. बेडचं डोकं पंचेचाळीसवर आहे, बाजूच्या मापावरही पंचेचाळीसच दिसतं. पण पेशंट घसरत घसरत खाली आला आहे. पाठ सपाट गादीवर, उतारावर फक्त खांदे आणि डोकं, मान पुढे मुडपलेली, हनुवटी छातीला टेकलेली. बेड पंचेचाळीस अंशांवर आहे, माणूस नाही. उलट पोट दुमडून दाबलं गेलंय आणि फीड वर यायला जास्तच जोर मिळतोय. म्हणून फीडच्या आधी पेशंटला दोघांनी मिळून वर घ्यायचं, कंबर बेडच्या घडीशी आणायची आणि मगच कोन बघायचा. मणक्याच्या इजेमुळे कंबरेत वाकवता येत नसेल, तर अख्खा बेड डोक्याकडून उचलून तिरका करायचा.

फीड पंपावर सतत चालू असेल आणि चादर बदलायला पेशंटला आडवं करायचं असेल, तर पंप आधी थांबवायचा, हे बरोबर. पण पंप थांबला म्हणून जठर रिकामं होत नाही. आधीचं फीड आतच असतं. त्यामुळे आडवं ठेवायचं ते मोजकी मिनिटं, आणि डोकं वर केल्यावरच पंप परत सुरू.

जठरात उरलेल्या फीडबद्दल थोडंसं. जुन्या पुस्तकांत अडीचशे मिलीलिटर उरलं की फीड थांबवा असं आहे. २०१६ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचना मात्र सांगतात की अतिदक्षता विभागात हे नेमाने मोजत बसू नका, आणि मोजतच असाल तर पोटफुगी किंवा उलटीसारखं दुसरं लक्षण नसताना पाचशेच्या खाली फीड अडवू नका. परीक्षेला आपलं नेमलेलं पुस्तक काय म्हणतं ते बघा, कामावर वॉर्डाचा नियम.

फीड चालू असतानाच पेशंटला ठसका लागला, ऑक्सिजनचा आकडा उतरू लागला, ओठ निळसर दिसले, तर पर्यायांत ऑक्सिजन लावा, सक्शन करा, डॉक्टरांना बोलवा असं सगळं असेल आणि सगळंच करायचं असेल. पण पहिलं काम फीड बंद करणं. ते चालू ठेवून बाकी काहीही केलं, तरी फुप्फुसात भर पडतच राहते. त्यानंतर डोकं वर, उलटी होत असेल तर कुशीवर, मग सक्शन, ऑक्सिजन आणि हाक.

पुन्हा आपल्या गृहस्थांकडे येऊ. प्रश्न तिसऱ्या पर्यायावर संपतो, वॉर्डातलं काम तिथून सुरू होतं. समजा एक्स-रेत टोक अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी दिसलं. नळी काढली, नवी घातली, पुन्हा एक्स-रे झाला आणि डॉक्टरांनी ती वापरायला परवानगी दिली. बाराचं फीड अडीचला गेलं. तेव्हा नोंदीत एवढं यायला हवं: बारा वाजता खूण पन्नासवर, फीड दिलं नाही, डॉक्टरांना कळवलं, नवी नळी, नाकपुडीशी सत्तावन्न, एक्स-रेने खात्री, अडीच वाजता अडीचशे मिलीलिटर, डोकं पंचेचाळीस अंश, नंतर तीस मिलीलिटर पाण्याने नळी धुतली. यातला सत्तावन्न हा आकडा ठळक लिहा. रात्रपाळीची सिस्टर टॉर्च घेऊन नाकपुडीशी वाकेल, तेव्हा जुळवून बघायला तिच्याकडे तोच असेल. अठ्ठावन्न आता जुना झाला.

नमस्कार.