दुसरं गेट म्हणजे कुठलं गेट?

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय बँडच्या प्रोग्रॅमच्या कॅप्शनबद्दल, म्हणजे पोस्टरखाली त्या चार ओळी असतात ना, कोण वाजवणार, तिकीट केवढं, लहान पोरांना आत घेणार का नाही, त्या. चारच ओळी, पण त्या फसल्या की गेटवर काय होतंय ते मी डोळ्यानं बघितलंय, म्हणून पहिला तोच किस्सा सांगतो.

माझ्या भाच्याचा बँड आहे, पाच पोरं. मागच्या डिसेंबरात बेळगावात शहापूरकडच्या एका मैदानावर त्यांचा शो होता. मैदानाला दोन दारं, पहिल्यातून सामानाचा टेम्पो आणि दुसऱ्यातून माणसं, असं ठरलेलं. भाच्यानं कॅप्शनमध्ये लिहिलं, "एंट्री दुसऱ्या गेटनं, सहा वाजता." आता बेळगावातले ऐकणारे हसायलाच लागले असतील. टिळकवाडीत पहिलं रेल्वे गेट, दुसरं गेट, तिसरं गेट, हे आपल्याकडचे पत्ते आहेत, रिक्षात बसून नुसतं "दुसरं गेट" म्हणा, तो बरोबर तिथंच सोडणार. तसंच झालं. सव्वासहाला मैदानात माणसं जेमतेम चाळीस, आणि भाच्याचा फोन थांबेना. "अरे मी दुसऱ्या गेटजवळच उभारलोय की, स्टेज कुठं दिसेना बघ!" दुसरा म्हणतोय गेट पडलंय, रेल्वे गेली की येतो. म्हणजे तो गेटच्या पलीकडं होता आणि अलीकडं येऊन चुकीच्याच ठिकाणी थांबणार होता!

ह्या गोंधळात बरोबर गेटवर कोण पोचलं, तर खानापूरहून आलेल्या एक आजी, नातू चार वर्षांचा, नात तीनची. कॅप्शनमध्ये पुढची ओळ होती, "पाच वर्षांखालील मुलांना तिकीट नाही." गेटवरचं पोरगं म्हणालं, आजी, ह्यांना सोडता येत नाही. आजी म्हणाल्या, "तिकीट नाही म्हटल्यावर फुकटच की रे!" आणि मी सांगतो, आजींचंच बरोबर होतं. बँडच्या पोरांना म्हणायचं होतं प्रवेश नाही, कारण स्पीकरचा आवाज लहान कानांना सोसत नाही. लिहिलं मात्र असं की कुणीही फुकट समजावं. शेवटी त्यांना सगळ्यात मागं, चहावाल्याजवळ खुर्च्या दिल्या.

पहिलं गाणं सातला लागायचं ते पावणेआठला लागलं, आणि उघड्या मैदानावर रात्री दहानंतर लाउडस्पीकर चालत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे, त्यामुळं शेवटची चार गाणी गेली. गेट कुठलं ते न लिहिल्यामुळं चार गाणी!

तर आता कॅप्शन. इन्स्टाग्रामवर पहिली दीड-दोन ओळच दिसते, पुढचं "मोअर" दाबल्यावर. म्हणून वार, तारीख, जागा, वेळ पहिल्याच ओळीत. बँडच्या भावना खाली लिहा, वर नको. परत सांगतो, वार, तारीख, जागा, वेळ, पहिल्या ओळीत. आणि वेळा दोन लिहा, दार कधी उघडणार आणि पहिलं गाणं कधी.

लाइनअपमध्ये सगळ्यांची नावं टाका, कोण काय वाजवतंय त्यासकट. "आणि साथीदार" असलं लिहिलेलं मला अजिबात खपत नाही. कुमार गंधर्वांचं सुळेभावी ह्याच जिल्ह्यात, आणि आपण तबलेवाल्याला साथीदार म्हणून गुंडाळतो! बरं ते असो. कार्यक्रमाला दोन बँड असतील तर आधी कुठला ते लिहा, नाहीतर लोक दुसऱ्यासाठी म्हणून उशिरा येतात आणि दुसराच पहिला वाजवून मोकळा झालेला असतो.

तिकिटाचं म्हणाल तर भाच्यानं ठेवलेले 199, 299, 499. पण कशाचे, ते नाही. 199 विद्यार्थी, ओळखपत्र दाखवून. 299 उभं राहून. 499 खुर्ची. हे असं लिहा, "सिल्व्हर, गोल्ड" म्हटल्यावर खुर्ची मिळणार का नाही ते कुणाला कळतंय? 499 का, तर असल्या कार्यक्रमाचं माणशी तिकीट पाचशेपर्यंत असलं की त्यावर जीएसटी नाही, वर गेलं की लागतो. कॅप्शनमधली लिंक दाबली तरी उघडत नाही, ती प्रोफाइलवर ठेवा आणि तसं सांगा.

आणि वयाची ओळ. "पाच वर्षांखालच्या मुलांना आत घेणार नाही", नाहीतर "पाच वर्षांखालच्यांना फुकट, मांडीवर बसवून." दोन्हीतलं एक, पण पूर्ण वाक्य. तिकीट नाही, हा शब्दच नको.

भाच्याची ह्यावेळची ओळ वाचून दाखवतो, "प्रवेश मैदानाच्या मागच्या दारातून, पाण्याच्या टाकीशेजारी. एकदा बाहेर पडलात की परत आत घेणार नाही." आणि त्याखाली त्यानं कंसात लिहिलंय, रेल्वे गेट नव्हे.